एक कंपनी, दहा प्रतिनिधी, एकच पेमेंट : परिषदेच्या नोंदणी शुल्काची पावती आणि टॅक्स इनव्हॉइस कसं काढायचं

परिषदेच्या नोंदणीचं काम पहिल्यांदाच अंगावर आलं असेल, तर एकेकट्याने पैसे भरून येणाऱ्यांचा त्रास होत नाही. फॉर्म भरला, पैसे आले, पावती गेली. गोंधळ सुरू होतो तो अंधेरी-गोरेगावच्या एखाद्या कंपनीच्या एचआरचा मेल येतो तेव्हा : ‘आमचे दहा जण येणार आहेत, एकत्र बिल द्या.’ मग बिल कोणाच्या नावे, दहा की एक, पावती कधी, टॅक्स इनव्हॉइस कधी, बँकेत रक्कम कमी का आली, असे प्रश्न एकामागून एक येतात. मी मुंबईतल्या परिषदांचं हे काम बघतो, म्हणून सगळी वाट एका उदाहरणावरून क्रमाने सांगतो. तुमची संस्था जीएसटीत नोंदलेली आहे, असं यात गृहीत धरलंय. नोंदलेली नसेल तर टॅक्स इनव्हॉइस देता येत नाही आणि कर वसूलही करता येत नाही. फक्त साधी पावती द्यायची.

उदाहरण असं. दादरच्या एका सभागृहात २० आणि २१ फेब्रुवारीला परिषद आहे. शुल्क माणशी ६,५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी. एकाच कंपनीकडून दहा किंवा जास्त जण आले तर माणशी ५०० रुपये सूट. कंपनी अंधेरीची, माणसं दहा.

आधी हे जवळ ठेवा

तुमच्याकडून : जीएसटी नोंदणीचं प्रमाणपत्र, पॅन, रद्द केलेला चेक, आणि उद्यम नोंदणी असल्यास तिचं प्रमाणपत्र. मोठ्या कंपन्या यांच्याशिवाय तुम्हाला व्हेंडर म्हणून सिस्टिममध्ये चढवत नाहीत, आणि चढवल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. या चढवण्यातच कधीकधी दोन-तीन आठवडे जातात, म्हणून मेल आला त्याच दिवशी हे चार कागद पाठवून द्या.

कंपनीकडून : जीएसटीआयएन म्हणजे जीएसटी नोंदणीचा नंबर, त्या नोंदणीवरचा पूर्ण पत्ता, पीओ म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर लागत असेल तर तिचा नंबर, अकाउंट्स विभागाचा मेल, आणि प्रतिनिधींची यादी एक्सेलमध्ये. यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवली तर घेऊ नका. नावांची स्पेलिंगं पुढे प्रमाणपत्रांवरही जायची असतात.

१. घेणारा कोण, हे आधी ठरवा

खुर्चीत बसणार दहा माणसं, पण जीएसटीच्या कायद्यात सेवा घेणारा म्हणजे पैसे देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो. इथे कंपनी. त्यामुळे टॅक्स इनव्हॉइस एकच, कंपनीच्या नावे, आणि दहा नावं त्याला जोडलेल्या यादीत.

दहा जणांना दहा टॅक्स इनव्हॉइस आणि वर कंपनीला एक एकत्र इनव्हॉइस, असं कधीही करू नका. एकाच सेवेची विक्री तुमच्या पुस्तकात दोनदा दिसेल, आणि त्या दहांपैकी एखाद्याने स्वतःच्या नावाचं बिल लावून ऑफिसातून पैसे मागितले, तर कंपनीकडून तेच पैसे दोनदा जातील. चौकशी शेवटी तुमच्याकडेच येते.

कंपनीला खर्च दोन विभागांत वाटायचा असेल, म्हणजे सहा जण सेल्सचे, चार जण आयटीचे, तर दोन इनव्हॉइस देता येतात. अट एकच : एक माणूस एकाच इनव्हॉइसमध्ये. हे विचारून घ्या, कारण इनव्हॉइस निघाल्यावर ‘जरा दोन भाग करून द्या ना’ असा फोन हमखास येतो.

२. जीएसटीआयएन तपासा, मग पुढे जा

जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता `Search Taxpayer` मध्ये नंबर टाकला की नाव, स्थिती आणि करदात्याचा प्रकार दिसतो. तीन गोष्टी बघा. स्थिती `Active` आहे का. कायदेशीर नाव मेलमधल्या नावाशी जुळतं का. एकाच ग्रुपच्या चार कंपन्या असतात आणि एचआरला आपल्या पगाराच्या स्लिपवरची कंपनी कोणती हे नक्की ठाऊक असतंच असं नाही. आणि पहिले दोन आकडे कोणते. महाराष्ट्र असेल तर २७.

हे दोन आकडे का बघायचे, ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त वाद इथे होतात.

खुल्या परिषदेला प्रवेश देणं ही सेवा जिथे कार्यक्रम होतो तिथली धरली जाते. आयजीएसटी कायद्याचं कलम १२(६) तसं सांगतं. परिषद दादरला, म्हणजे सेवेचं ठिकाण महाराष्ट्र. कंपनी बेंगळुरूची असली आणि तिचा नंबर २९ ने सुरू होत असला, तरी तुम्ही केंद्राचा ९ टक्के सीजीएसटी आणि राज्याचा ९ टक्के एसजीएसटीच लावायचा. पण बेंगळुरूच्या नोंदणीत महाराष्ट्राच्या एसजीएसटीचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या देय करातून त्याची वजावट, मिळत नाही, आणि सोबतचा सीजीएसटीही मिळत नाही. मग त्यांचे अकाउंट्सवाले म्हणतात, ‘आयजीएसटी लावून द्या.’ हा दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर भिडेखातर लावून देऊ नका. चुकीच्या खात्यात कर भरला तर बरोबर खात्यात तो पुन्हा भरावा लागतो आणि आधीचा परत मागत बसावं लागतं.

यातून सरळ वाट कधीकधी निघते. त्या कंपनीचं मुंबईत किंवा पुण्यात ऑफिस असेल, म्हणजे २७ ची नोंदणी असेल, आणि येणारी माणसं व खर्च खरोखर त्या ऑफिसचा असेल, तर इनव्हॉइस त्या नोंदणीवर काढा. क्रेडिट त्यांना मिळेल. तसं ऑफिस नसेल तर त्यांना कोटेशन देतानाच सांगा की क्रेडिट मिळणार नाही. आधी सांगितलं तर लोक ऐकून घेतात. पैसे भरल्यावर सांगितलं तर भांडतात.

दोन अपवाद लक्षात ठेवा. एक, खुली परिषद नसून तुम्ही एखाद्या कंपनीसाठी प्रशिक्षण घेत असाल, आणि ती कंपनी नोंदलेली असेल, तर सेवेचं ठिकाण त्या कंपनीच्या नोंदणीचं राज्य. तिथे बेंगळुरूला आयजीएसटीच लागेल. दोन, पोर्टलवर करदात्याचा प्रकार `SEZ Unit` दिसला तर थांबा. मुंबईत सीप्झमधल्या कंपन्यांत हे बघायला मिळतं. सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला दिलेली सेवा, ठिकाण अंधेरीचं असलं तरी, आंतरराज्य मानली जाते. त्यामुळे सीजीएसटी-एसजीएसटी नाही, आयजीएसटी. किंवा तुमच्या संस्थेने त्या वर्षाचं एलयूटी, म्हणजे कर न लावता सेवा देण्यासाठीचं हमीपत्र, भरलेलं असेल आणि सेवा त्यांच्या मान्य कामासाठी असेल, तर कर न लावता. ही केस आली की आपल्या सीएला फोन करा, स्वतः अंदाज बांधू नका.

३. पैसे येईपर्यंत प्रोफॉर्मा, टॅक्स इनव्हॉइस नाही

कंपनी म्हणते, बिल दिल्याशिवाय पैसे निघत नाहीत. तिला हवा असतो तो प्रोफॉर्मा, म्हणजे पैसे मागण्यापुरतं कच्चं बिल. त्यावर ‘प्रोफॉर्मा इनव्हॉइस’ असं ठळक लिहा आणि त्याला टॅक्स इनव्हॉइसच्या मालिकेतला नंबर देऊ नका. टॅक्स इनव्हॉइस काढलं की त्या महिन्याचा कर तुमच्या अंगावर आला, पैसे मिळोत न मिळोत. दहा जणांचं इनव्हॉइस जानेवारीत काढलं आणि कंपनीने ऐनवेळी माणसंच पाठवली नाहीत, तर खिशातून कर भरून नंतर क्रेडिट नोटचं, म्हणजे काढलेलं बिल कमी करणाऱ्या कागदाचं, लफडं निस्तरत बसाल.

काही कंपन्या, विशेषतः सरकारी उपक्रम, टॅक्स इनव्हॉइसशिवाय खरंच पैसे सोडत नाहीत. तिथे हातात पीओ असेल तरच आधी इनव्हॉइस द्या.

प्रोफॉर्मात आकडे असे मांडा :

```
शुल्क     ६,५०० × १०      ६५,०००
ग्रुप सूट   ५०० × १०       −५,०००
करपात्र रक्कम            ६०,०००
सीजीएसटी ९%             ५,४००
एसजीएसटी ९%             ५,४००
एकूण                   ७०,८००
```

सूट बिलावरच दाखवायची आणि मग कर लावायचा. नंतर हातात दिलेल्या सुटीवरचा कर कमी करून घेणं कटकटीचं असतं, आणि सूट आधीपासून ठरलेली नसेल तर ते होतही नाही. दहापैकी एक गळला आणि नऊ राहिले तर सूट राहणार का जाणार, हेही नोंदणीच्या नियमात आधीच लिहून टाका. आम्ही ठेवतो. पाचशे रुपयांसाठी नऊ जणांची बिलं उलटी-सुलटी करण्यात अर्थ नाही.

जेवण-चहाची वेगळी ओळ टाकू नका. परिषदेच्या शुल्कात ते धरलेलं आहे, एकच सेवा आहे. ‘लंच १,२००’ अशी ओळ दिसली की कंपनीचे अकाउंट्सवाले तेवढ्यावरचं क्रेडिट नाकारतात, कारण खाण्यापिण्यावर क्रेडिटला बंदी आहे, आणि बिल तुमच्याकडे परत येतं.

४. बँकेत आलेली रक्कम ओळखा

१२ जानेवारीला तुमच्या खात्यात एनईएफटीने ६४,८०० रुपये आले. प्रोफॉर्मा ७०,८०० चा. नवा माणूस इथे लगेच ‘सहा हजार कमी आलेत’ असा मेल करतो. करू नका, आधी भागाकार करा. ६०,००० चे १० टक्के म्हणजे ६,०००. कंपनीने टीडीएस कापलाय. परिषदेच्या शुल्कावर तो कोणी १० टक्के कापतं, कोणी २ टक्के, कोणी कापतच नाही. त्यांनी कोणत्या कलमाखाली कापला ते विचारा, आणि टीडीएसचं प्रमाणपत्र मागून ठेवा.

जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर टीडीएस कर सोडून उरलेल्या रकमेवर कापायचा असतो. म्हणून प्रोफॉर्मात ‘७०,८०० सर्व करांसह’ अशी एकच ओळ लिहू नका. तशी लिहिलीत तर कंपनी ७०,८०० वर ७,०८० कापेल आणि खात्यात ६३,७२० येतील. ६४,८०० आले की ६३,७२०, एवढ्यावरून त्यांनी कशावर कापलं ते तुम्हाला कळतं.

पैसे आले की कंपनीला मेल करून बँक व्यवहाराचा युटीआर नंबर, किती नावांसाठी, कोणत्या प्रोफॉर्मासाठी, हे लेखी घ्या. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये बहुधा ग्रुपच्या मुख्य कंपनीचं अर्धवट कापलेलं नाव येतं, त्यावरून काही उमगत नाही. ओळख पटेपर्यंत रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून विसरू नका. सेवेचा अ‍ॅडव्हान्स खात्यात जमा झाला त्या दिवशीच कराची जबाबदारी सुरू होते, तुम्हाला तो कोणाचा हे ठाऊक असो वा नसो.

५. टॅक्स इनव्हॉइस आणि पावती

कागद दोन आहेत आणि त्यांची कामं वेगळी.

पैसे आले, पण जीएसटीआयएन किंवा पीओ अजून यायचाय, तर रिसीट व्हाउचर द्या. हा अ‍ॅडव्हान्सचा जीएसटीतला अधिकृत कागद आहे. त्यावर कर दाखवायचा आणि तो त्या महिन्यात भरायचा. पण कंपनीला यावर क्रेडिट मिळत नाही आणि तिच्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवर दर महिन्याला बनणाऱ्या क्रेडिटच्या यादीतही, हा दिसत नाही.

सगळी माहिती हातात असेल तर मधला टप्पा गाळा आणि पैसे आले त्याच दिवशी टॅक्स इनव्हॉइस काढा. सेवा पुढच्या महिन्यात असली तरी चालतं. मी हेच करतो, कारण रिसीट व्हाउचर काढला की नंतर रिटर्नमध्ये तो अ‍ॅडव्हान्स पुन्हा वळता करावा लागतो आणि तिथे नजरचूक होते. इनव्हॉइस निघाल्यावर पैशांची पोच म्हणून जी साधी पावती देता, तिच्यावर कर वेगळा मांडायची गरज नसते. इनव्हॉइस नंबर मात्र लिहा.

इनव्हॉइसवर तुमचं नाव-पत्ता-जीएसटीआयएन, तारीख, कंपनीचं नाव-पत्ता-जीएसटीआयएन, सेवेचं ठिकाण (महाराष्ट्र, २७), सेवेच्या प्रकाराचा एसएसी कोड, करपात्र रक्कम, दोन्ही कर आणि सही. परिषदेसाठी आम्ही `998596` वापरतो, व्यावसायिक प्रशिक्षणासाठी `999293`. नंबर आर्थिक वर्षात सलग हवा, आणि सोळा अक्षरांपेक्षा मोठा नको. `MP/25-26/0041` हे पुरतं. परिषदेचं पूर्ण नाव, वर्ष आणि शहर नंबरात कोंबायचा मोह आवरा. संस्थेची उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेली असेल तर ई-इनव्हॉइस लागतं. ते काढल्यावर रद्द करायला २४ तासच मिळतात, म्हणून यादी पक्की झाल्यावरच काढा.

वर्णनात एवढंच लिहा : ‘परिषद नोंदणी शुल्क, दिनांक २० व २१ फेब्रुवारी, मुंबई, १० प्रतिनिधी, सोबतच्या यादीप्रमाणे. पीओ क्र. …’ नावं इनव्हॉइसवर नकोत. ती वेगळ्या पानावर, वर इनव्हॉइस नंबर टाकून : अनुक्रमांक, नाव, कर्मचारी क्रमांक, तुमचा नोंदणी क्रमांक, दर. दर वेगवेगळे असतील, म्हणजे तिघे लवकर नोंदणीच्या दराने आणि सात नेहमीच्या, तर इनव्हॉइसवर दोन ओळी करा.

साध्या पावतीवर रक्कम लिहिताना ६४,८०० बँकेत जमा आणि ६,००० टीडीएस, असं दोन्ही लिहा. नुसते ६४,८०० लिहिलेत तर तुमच्या पुस्तकात कंपनीकडे सहा हजार येणं राहील आणि मार्चअखेर ऑडिटर विचारत बसेल. जीएसटी मात्र पूर्ण ६०,००० वरच भरायचा. टीडीएस कापला म्हणून तो कमी होत नाही.

६. दहा जणांच्या हातात काय द्यायचं

प्रत्येकाला नोंदणीचं पुष्टिपत्र द्या, पावती नाही. त्यावर नाव, नोंदणी क्रमांक, आणि ही ओळ : ‘शुल्क कंपनीने भरले आहे. टॅक्स इनव्हॉइस क्र. MP/25-26/0041 कंपनीच्या नावे दिले आहे.’ रुपयाचा आकडा कुठेही नको. टेबलावर येऊन ‘मला पण एक बिल द्या, क्लेम करायचंय’ म्हणणारा एक तरी असतोच. त्याला हे पत्र दाखवा आणि त्याच्या ऑफिसच्या अकाउंट्सकडे पाठवा.

उलट प्रकारही होतो. माणूस स्वतःच्या कार्डाने पैसे भरतो आणि ‘बिल कंपनीच्या नावाने, कंपनीच्या नंबरवर’ मागतो. कंपनीने मेलवर तसं सांगितलं असेल तर द्या. मेल नसेल तर त्याच्याच नावे काढा.

७. नाव बदललं, माणूस गळला

दहातला एक आजारी पडला आणि कंपनीने दुसऱ्याला पाठवलं, तर इनव्हॉइसला हात लावू नका. घेणारा तोच, रक्कम तीच. फक्त सुधारित यादी पाठवा, तिच्यावर ‘सुधारित’ आणि तारीख टाकून. जुनी यादीही फाइलमध्ये राहू द्या.

माणूस गळला आणि बदलीही नाही, तर क्रेडिट नोट. समजा, नियमाप्रमाणे १,००० रुपये कापून बाकी परत द्यायचे आहेत. कापून ठेवलेल्या हजारावरही १८ टक्के कर लागतो, कारण रद्द करण्याचं शुल्क मूळ सेवेच्याच दराने करपात्र आहे. म्हणून क्रेडिट नोट ५,००० अधिक ९०० कर, म्हणजे ५,९०० ची. कंपनीला बँकेतून ५,९०० परत करा. टीडीएसचे सहा हजार तुमच्या नावावर सरकारात जमा आहेत, ते धरून तुमच्याकडे ७०,८०० आले होते. त्यातून ५,९०० गेले, उरले ६४,९००. करपात्र ५५,००० आणि त्यावर ९,९०० कर, बरोबर ६४,९००. बेरीज अशी जुळली नाही तर कुठेतरी टीडीएस दोनदा वजा झालाय.

इनव्हॉइस अजून निघालंच नसेल आणि फक्त रिसीट व्हाउचर दिला असेल, तर क्रेडिट नोट नाही, रिफंड व्हाउचर द्यायचा. क्रेडिट नोटने कर कमी करून घ्यायची मुदत पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरपर्यंत असते, त्यामुळे परताव्याचे अर्ज ‘पुढच्या परिषदेच्या वेळी बघू’ म्हणून बाजूला ठेवू नका.

८. रिटर्न भरेपर्यंत काम संपत नाही

जानेवारीचं इनव्हॉइस तुमच्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, म्हणजे जीएसटीआर-१ मध्ये, ११ फेब्रुवारीपर्यंत गेलं की १४ तारखेला कंपनीच्या २बी मध्ये दिसतं. तिथे न दिसलं तर कंपनी क्रेडिट घेऊ शकत नाही आणि फोन तुम्हाला येतो. तुम्ही तिमाही रिटर्न भरत असाल तर हे आधीच सांगा, किंवा त्या महिन्याची इनव्हॉइसं आयएफएफ या पोर्टलवरच्या सोयीतून १३ तारखेपर्यंत चढवा.

फोन आलाच तर दोनच गोष्टी बघा. इनव्हॉइस नोंदलेल्या कंपनीच्या भागात चढलंय की चुकून किरकोळ ग्राहकांच्या एकत्रित आकड्यात गेलंय. आणि जीएसटीआयएनमधला एखादा आकडा इकडचा तिकडे झालाय का. तसं झालं असेल तर तुमचं इनव्हॉइस दुसऱ्याच कुणाच्या २बी मध्ये जाऊन बसलेलं असतं. दोन्हीची दुरुस्ती पुढच्या जीएसटीआर-१ मधून होते. ती झाली की कंपनीला महिना कळवा, म्हणजे त्यांचे अकाउंट्सवाले कोणत्या २बी मध्ये शोधायचं ते विचारायला पुन्हा फोन करणार नाहीत.